आयसोब्युटेन असलेला जुना फ्रिज घराबाहेर कसा काढावा

जुना फ्रिज भंगारवाल्याला देण्याआधी तो भिंतीपासून थोडा पुढे ओढा आणि मागचं लेबल वाचा. तिथे R600a असं छापलेलं असेल, किंवा कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेची खूण असेल, तर नळ्यांमध्ये आयसोब्युटेन हा फ्रिज थंड ठेवणारा, पेट घेणारा वायू आहे. त्याच लेबलवर वायू किती ग्रॅम भरला आहे तेही लिहिलेलं असतं. R134a असेल तर तो वायू असा पेट घेत नाही, पण हवेत सोडला तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त भर घालतो. म्हणून तोही मोकळा सोडायचा नसतो.

आयसोब्युटेन स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. ओझोनच्या थराला त्याचा धोका नाही, हवामानावर परिणाम नगण्य आणि वीजही कमी लागते, म्हणून १९९० च्या दशकात जर्मनीपासून त्याचा घरगुती फ्रिजमध्ये वापर सुरू झाला. एका दाराच्या, १९० लिटरच्या फ्रिजमध्ये तो साधारण ४० ग्रॅम असतो. चौदा किलोच्या सिलिंडरशेजारी राहणाऱ्यांना हा आकडा क्षुल्लक वाटतो. तो तसा का नाही, हे हिशेबाने पाहू.

हवेत आयसोब्युटेनचं प्रमाण सुमारे १.८ टक्के झालं की ठिणगीने ती हवा पेटते. ४० ग्रॅम द्रवाचा वायू झाला की तो सुमारे १७ लिटर जागा व्यापतो. आठ बाय दहा फुटांच्या स्वयंपाकघरात तो सगळीकडे सारखा पसरला, तर प्रमाण ०.१ टक्क्याच्याही खाली राहतं, आणि काही होत नाही. पण गळती फ्रिजच्या आत झाली आणि दार बंद असलं, तर १९० लिटरच्या पेटीत जेमतेम आठ ग्रॅम वायू पुरतो. तो हवेच्या दुप्पट जड असल्याने बाहेर आला तरी जमिनीलगत आणि ओट्याखाली साचतो. शिवाय सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला उग्र वास यात नसतो. नाकावर विसंबून राहू नका.

गळती बहुतेकदा आपल्याच हाताने होते. बर्फाच्या कप्प्यात साचलेला बर्फ सुरीने खरवडताना पातळ अ‍ॅल्युमिनियमला भोक पडतं आणि फुस्स असा आवाज येतो. गळती संथ असेल, तर कॉम्प्रेसर अखंड चालूनही फ्रिज थंड होत नाही, किंवा नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसतो. अशा वेळी फ्रिजचं बटण किंवा प्लग हाताळू नका, एक्झॉस्ट फॅन लावू नका, शेगडी पेटवू नका. शेगडी चालू असेल तर लगेच बंद करा. वीज स्वयंपाकघराबाहेरच्या मेन स्विचवरून बंद करा, खिडक्या आणि बाल्कनीचं दार उघडा, आणि त्यानंतरच फ्रिजचं दार उघडून ठेवा. आधी दार उघडलं तर आतला दिवा लागतो, आणि त्याच्या स्विचमध्ये ठिणगी पडू शकते. या फ्रिजमधले असे भाग मुळात बंदिस्त असतात, पण दुरुस्तीत साधा भाग बसवला असेल तर ते संरक्षण उरत नाही.

फ्रिज धडधाकट असेल तर काढण्याची तयारी सोपी आहे. आदल्या दिवशी प्लग काढा, दार उघडं ठेवून बर्फ आपोआप वितळू द्या. लहान मूल आत शिरून अडकू नये म्हणून दार बिजागरीतून काढा किंवा दोरीने घट्ट बांधा. नळ्यांना हात लावू नका. फ्रिज उभाच, उघड्या टेम्पोतून न्या. बंद गाडीत गळती झाली तर वायू तिथेच कोंडतो.

खरी जोखीम त्यापुढे आहे. भंगाराच्या दुकानात तांबं आणि कॉम्प्रेसर हवा असतो, आणि तो काढायला नळी छाटतात किंवा गॅस कटर लावतात. वायू आणि कॉम्प्रेसरमधलं तेल, दोन्ही त्याच ज्वाळेसमोर येतात, आणि कामगार वाकून अगदी जवळ असतो. अधिकृत पुनर्चक्रण केंद्रात कॉम्प्रेसर कापण्यापूर्वी वायू बंदिस्त यंत्राने ओढून घेतात.

म्हणून फ्रिज केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रालाच द्या. बदलीत नवा घेत असाल, तर जुना कुठे जाणार हे दुकानदाराला आधी विचारा, केंद्राचं नाव आणि नोंदणी क्रमांक पावतीवर लिहून घ्या. उत्तर द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर शंभर-दोनशे रुपये कमी मिळाले तरी थेट केंद्राला फोन करून गाडी मागवा. फोनवरच वायूचं नाव आणि ग्रॅम सांगा, आणि पूर्वी गळती झाली असेल किंवा कोणी दुरुस्ती करून वायू भरला असेल तर तेही सांगा. लेबल फाटलं असेल, तर त्यात आयसोब्युटेन आहे असंच धरून चालायला सांगा.