फायनलला नेमके किती मार्क हवेत? प्रीरिक्विझिटचा हिशेब करताना या चुका टाळा

पुढच्या कोर्सला बसायचं तर आधीच्या कोर्सात अमुक ग्रेड हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गडबड होते ती त्या ग्रेडसाठी फायनलला किती मार्क पाडावे लागतील हे काढताना. बहुतेकांची बेरीज-वजाबाकी बरोबरच असते, फक्त चुकीच्या आकड्यांवर केलेली असते.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. समजा, वेटेज असं आहे: असाइनमेंट २० टक्के, क्विझ १०, मिडटर्म ३० आणि फायनल ४०. फायनलचा पेपर ८० मार्कांचा. पुढच्या कोर्सला किमान ‘सी’ लागतो आणि सिलॅबसमध्ये ‘सी’ ७० टक्क्यांपासून सुरू होतो. विद्यार्थ्याला आतापर्यंत असाइनमेंटमध्ये ८२ टक्के, क्विझमध्ये ७५ आणि मिडटर्मला ५२ मिळाले आहेत.

चूक पहिली: साधी सरासरी

८२, ७५ आणि ५२ यांची सरासरी येते ६९.६७. ती पाहून वाटतं, आपण काठावरच आहोत, फायनलला सत्तरच्या आसपास मिळाले की झालं. पण या सरासरीत क्विझचं वजन मिडटर्मइतकंच धरलं जातं आणि प्रत्यक्षात ते तिसरा हिस्सा आहे. मिडटर्मचे ५२ वाटतात त्यापेक्षा बरेच जास्त खाली ओढतात.

खरा हिशेब गुणांकाने होतो. ८२ चे २० टक्के म्हणजे १६.४, ७५ चे १० टक्के म्हणजे ७.५, ५२ चे ३० टक्के म्हणजे १५.६. बेरीज ३९.५. एवढे गुण पदरात पडले. ७० गाठायला आणखी ३०.५ हवेत आणि ते फायनलच्या ४० मधूनच यायचे आहेत. ३०.५ भागिले ४० म्हणजे ७६.२५ टक्के, म्हणजेच ८० पैकी ६१ मार्क. ‘सत्तरच्या आसपास’ म्हणून ५६ मार्कांवर समाधान मानणाऱ्याचा शेवट ६७.५ वर होतो.

स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत हे असं बसतं:

```
=ROUNDUP((70-39.5)*80/40,0)
```

इथे `ROUND` वापरू नका. उत्तर ६१.३ आलं तर ते ६१ करून देईल आणि ६१ मार्क कमी पडतील. किमान मार्क काढताना आकडा कायम वरच न्यायचा.

चूक दुसरी: पोर्टलवरचा टक्का

याच विद्यार्थ्याला पोर्टलवर बहुधा ६५.८३ टक्के दिसतील. ३९.५ भागिले आतापर्यंतचे ६०, असा तो आकडा. मग सुचतं ते असं: सत्तरला फक्त ४.१७ कमी, ४.१७ भागिले ४० म्हणजे फायनलला साडेदहा टक्के मिळाले की पुरे! हसू येईल, पण ही चूक सर्रास होते. ६५.८३ ही झालेल्या भागाची सरासरी आहे, जमा झालेले गुण नव्हेत.

उलटही घडतं. काही पोर्टल न झालेल्या परीक्षेला शून्य धरतात आणि ३९.५ च दाखवतात, म्हणून विद्यार्थी नापास झाल्यासारखा हबकतो. कॅनव्हासमध्ये `Calculate based only on graded assignments` असा चौकोन असतो. त्यावर खूण असेल तर रिकाम्या जागा हिशेबाबाहेर राहतात, काढली की त्या शून्य होतात. दोन्ही बाजूंनी पाहिलं की आपण नेमका कोणता आकडा वाचतो आहोत ते कळतं.

यातच एक खाच आहे. असाइनमेंटचे ८२ टक्के हे दहापैकी तपासून झालेल्या आठांचे असतील आणि उरलेल्या दोन दिल्याच नसतील, तर शेवटी त्या शून्य धरल्या जातात. ८२ चे ६५.६ होतात आणि १६.४ गुणांऐवजी १३.१२ च मिळतात. गेलेल्या ३.२८ गुणांची किंमत फायनलच्या मार्कांत मोजा: ६१ ऐवजी ६८ लागतील. दोन असाइनमेंट उशिरा का होईना देणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

चूक तिसरी: वगळली जाणारी क्विझ विसरणं

‘सर्वांत कमी गुणांची एक क्विझ वगळू’ असा नियम अनेक सिलॅबसमध्ये असतो. दहा-दहा मार्कांच्या दहा क्विझमध्ये मिळून ७५ असतील आणि त्यातल्या एकीत ३ च असतील, तर ती वगळून ९० पैकी ७२, म्हणजे ८० टक्के होतात. क्विझचे गुण ७.५ वरून ८ होतात. फायनलचं लक्ष्य मात्र ६१ वरून ६० वर, एकाच मार्काने उतरतं. थोडक्यात, क्विझचं वेटेजच इतकं कमी आहे की तिथे फार आशा ठेवू नये. पोर्टल ही वगळणूक आधीच करत असेल तर पुन्हा करू नका, तो मार्क दोनदा मोजला जाईल.

चूक चौथी: पास म्हणजे पुरेसं

कोर्स पास होण्याची आणि पुढे जाण्याची पातळी वेगळी असू शकते. ‘सी वजा’ मिळाला तर क्रेडिट जमा होतील, पण अट ‘सी किंवा वर’ असेल तर दार बंदच. ग्रेडऐवजी नुसतं पास-नापास निवडलं असेल, तर तो ‘पास’ प्रीरिक्विझिटला चालतो का हे आधी विचारून घ्या. कित्येक ठिकाणी चालत नाही.

दुसरी अट फायनलच्याच मार्कांवर असते: एकूण कितीही असोत, फायनलला किमान ५० टक्के हवेत, अशी. आपल्या उदाहरणात तिने फरक पडत नाही, कारण ६१ हे ४० पेक्षा वरच आहेत. पण ज्याला हिशेबाने ३३ मार्क पुरतात त्याचंही लक्ष्य ४० च राहतं. दोन्ही आकडे काढायचे आणि मोठा धरायचा.

चूक पाचवी: राउंडिंगवर विसंबणं

आपल्या मूळ हिशेबात फायनलचा एक मार्क म्हणजे एकूणातला अर्धा टक्का. ६१ ला बरोबर ७० होतात, ६० ला ६९.५. हे ६९.५ वर जाऊन ७० होतील का, हे सिलॅबसमध्ये लिहिलेलं असेल तरच धरा. नसेल तर ६१ हाही काठच समजा, दोन-तीन मार्क वर ठेवा. ग्रेड वर्गाच्या कामगिरीवर ठरत असेल, तर ७० चा कटऑफच पक्का नसतो आणि हा सगळा हिशेब अंदाजच ठरतो.

उत्तर शंभरच्या वर गेलं तर

त्याच विद्यार्थ्याला पुढच्या कोर्ससाठी ‘बी’ लागत असेल आणि ‘बी’ ८० वर असेल, तर हवेत ४०.५ गुण आणि उरलेत ४०. म्हणजे १०१.२५ टक्के. जादा गुणांची सोय नसेल तर हे अशक्य आहे. अशा वेळी अभ्यासाच्या वेळापत्रकाआधी कोर्स सोडण्याची शेवटची तारीख पाहा. पुन्हा कोर्स घेतला तर आधीची आणि नंतरची यांतली चांगली ग्रेड धरतात, की नंतरचीच, हेही विचारा. आणि पुढच्या कोर्सात नाव आधीच लागलं असेल तर त्यावर निर्धास्त राहू नका: चालू प्रीरिक्विझिटच्या भरवशावर दिलेली नोंदणी बहुधा सशर्त असते आणि ग्रेड लागल्यावर अट पूर्ण न झालेल्यांची नावं निघतात. तोवर बाकीच्या कोर्समधल्या जागाही भरलेल्या असतात, म्हणून एक पर्यायी कोर्स आधीच निवडून ठेवा.