नवा गडद कपडा धुण्यात टाकायच्या आधी चिंधी लावून पाहा
नवा लाल दुपट्टा बाकीच्या कपड्यांसंगं भिजवला अन् बाबांचा पांढरा सदरा गुलाबी झाला, तेव्हापासून मी हे करतो.

1. नव्या कपड्याची आतली शिवण ओली करा अन् त्यावर जुनी पांढरी चिंधी मिनिटभर दाबून धरा.
2. चिंधीला रंग लागला तर तो कपडा पहिले 3-4 वेळा एकटाच, थंड पाण्यात, भिजत न ठेवता धुवायचा.
3. वावरातले चिखलाचे कपडे वाळू द्या, माती झटका, मग त्यायचं वेगळं धुणं लावा.
4. टेरिकॉट, स्वेटर उलटे करून टाका, टॉवेल-जीन्ससंगं नको, घासून घासून त्यावर गोळे येतात.

अन् रंग लागलाच तर कपडा उन्हात वाळत घालू नका, ओला आहे तोवरच परत धुवा, वाळला की डाग पक्का बसते.