सुपरकंडक्टरवर चुंबक तरंगवताना या चुका टाळा

“रोध शून्य होतो, म्हणून चुंबक तरंगतो”

सुपरकंडक्टरवर, म्हणजे ठरावीक तापमानाखाली विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थावर, चुंबक का तरंगतो असं विचारलं की हे अर्धवट उत्तर मिळतं. ते मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते बरोबर वाटतं आणि पुढचा विचारच थांबवतं.

समजा, एका वाहकावर चुंबक आधीच ठेवलेला आहे आणि थंड होता होता त्याचा रोध पूर्ण नाहीसा झाला. या काळात चुंबकीय क्षेत्र बदललेलंच नाही, मग त्यात प्रवाह प्रवर्तित होईल कशाने? क्षेत्र आत होतं तसंच राहील आणि चुंबक जागचा हलणार नाही. १९३३ साली मायसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी शिसं आणि कथील यांचे नमुने चुंबकीय क्षेत्रात ठेवूनच थंड केले, तेव्हा उलटंच दिसलं. ठरावीक तापमानाखाली जाताच क्षेत्र धातूच्या आतून बाहेर ढकललं गेलं. पृष्ठभागालगतच्या, मायक्रोमीटरहूनही पातळ थरात आपोआप प्रवाह सुरू होतात आणि आतलं क्षेत्र पुसून टाकतात. या गुणाला मायसनर परिणाम म्हणतात. तो शून्य रोधातून निघत नाही, तो वेगळा आहे. विद्यार्थ्यांना समजावताना मी हे दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी मांडून दाखवते. एका वाक्याचा शॉर्टकट मला मान्य नाही.

चुंबक आधी की थंडी आधी, हे न ठरवणं

एका महाविद्यालयात प्रात्यक्षिकासाठी वायबीसीओ या यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची नवी चकती आणली होती. हा पदार्थ साधारण ९२ केल्विनला सुपरकंडक्टर होतो आणि द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, त्यामुळे तेवढं गार करणं पुरतं. त्यांच्या जुन्या चकतीवर चुंबक ठेवून नायट्रोजन ओतला की चुंबक आपसूक वर उचलला जायचा. नव्या चकतीवर तसंच केलं, तर तो ढिम्म बसून राहिला. सगळ्यांनी चकती खराब ठरवली आणि परत पाठवायला खोक्यात भरली.

मी ती बाहेर काढायला लावली आणि पुन्हा तसंच थंड केलं. मग प्लास्टिकच्या चिमट्याने चुंबक वर उचलला, तर खालची चकतीही त्याच्याबरोबर वर आली. चकती उत्तम होती, जुनीपेक्षा जास्त चांगली.

जुनी चकती भुकटी दाबून, भाजून केलेली होती. नवी वितळवून, हळूहळू स्फटिक वाढवून केलेली होती. वायबीसीओ दुसऱ्या प्रकारचा सुपरकंडक्टर आहे. जोरकस चुंबकाजवळ तो क्षेत्र पूर्ण बाहेर ठेवू शकत नाही. काही क्षेत्ररेषा बारीक नळ्यांसारख्या आरपार जातात. स्फटिकातल्या दोषांवर या नळ्या अडकून बसतात. जुन्या चकतीत ही पकड ढिली होती, म्हणून बरंचसं क्षेत्र बाहेर निसटलं आणि चुंबक उचलला गेला. नव्या चकतीने थंड होताना जे क्षेत्र आत होतं तेच घट्ट धरून ठेवलं. म्हणजे ती वरच्या उदाहरणातल्या नुसत्या शून्य रोधाच्या वाहकासारखी वागली.

माझी सवय अशी: चुंबक आणि चकती यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटर जाडीचा लाकडी तुकडा ठेवते, मग थंड करते, मग तुकडा अलगद काढून घेते. चुंबक थोडा खाली बसतो आणि तिथेच थांबतो. ढकलला तर परत जागेवर येतो. फक्त क्षेत्र बाहेर ढकलण्याचा जोर दाखवायचा असेल, तर चकती आधी चुंबकापासून दूर थंड करा आणि नंतर चुंबक वरून खाली आणा. पद्धत बदलताना मात्र चकती पूर्ण गरम होऊ द्या, नाहीतर आधीचं अडकलेलं क्षेत्र तिच्यात तसंच राहतं.

चकतीखाली लटकणाऱ्या चुंबकाला मायसनर परिणाम म्हणणं

क्षेत्र बाहेर ढकलण्यातून फक्त अपकर्षण मिळतं. चकतीखाली लटकलेल्या चुंबकाला वर ओढणारं बळ अडकलेल्या नळ्यांचं असतं. शुद्ध शिशासारख्या, नळ्या न धरणाऱ्या सुपरकंडक्टरच्या सपाट पत्र्यावर चुंबक बाजूला घसरून जातो, म्हणून तिथे खोलगट वाटी लागते.

घाई

नायट्रोजन ओतल्याबरोबर तो जोरात उकळतो, आणि नवखे लगेच तुकडा काढायला हात घालतात. चकतीचा गाभा अजून गरम असतो. उकळणं शांत होईपर्यंत थांबा. चुंबक मध्येच हळूहळू खाली यायला लागला, तर चकती तापते आहे. नायट्रोजन आणखी घाला.

नायट्रोजनचं भांडं कधीही घट्ट झाकू नका, आत दाब वाढून ते फुटतं. खोलीत हवा खेळती ठेवा. प्रयोग संपल्यावर चकतीवर दव जमतं आणि ओल वायबीसीओला हळूहळू खराब करते, म्हणून ती कोमट हवेत पूर्ण सुकवून मगच डबीत ठेवा.