अंगावर मांस न उरलेल्या आजींना वॉर्डात खाऊ कसं घालावं

खान्देशात आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नाही. डब्यात शिरा असतो, पिशवीत केळी असतात, नाहीतर उसाच्या रसाची बाटली. पण कित्येक दिवस पोटात अन्नच न गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी हे सगळं भरवलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी मोजायचं, मग थोडं द्यायचं आणि मग वाढवत न्यायचं. हे कसं करतात ते एका उदाहरणावरून सांगतो.

बाहत्तर वर्षांच्या आजी, न्यूमोनियाने वॉर्डात आलेल्या. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. विचारलं तर एवढंच म्हणायच्या, "माले भूक नही."

वजन आणि उंची

आजींना उभं राहवत नव्हतं. मुलाला म्हटलं, आईला उचलून काट्यावर उभा राहा. दोघांचं मिळून वजन भरलं ९२ किलो, एकट्या मुलाचं ५८. म्हणजे आजी ३४ किलोच्या. चार महिन्यांपूर्वीच्या केसपेपरवर ४१ लिहिलेलं होतं. सात किलो गेले, म्हणजे मूळ वजनाच्या १७ टक्के. जुना केसपेपर नसेल तर बांगड्या कधीपासून सैल झाल्या, पोलकं किती आत घ्यावं लागलं, हे सुनेला विचारा. तिला बरोबर आठवतं.

उंचीसाठी हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरायला सांगायचा. गळ्याखालच्या खळगीपासून मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यापर्यंत टेप लावायचा. आजींचं माप ६५ सेंटीमीटर भरलं. बायकांसाठी या मापाला १.३५ ने गुणून त्यात ६०.१ मिळवतात (पुरुषांसाठी १.४० ने गुणून ५७.८). उत्तर आलं १४८ सेंटीमीटर. यावरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, निघतो १५.५.

पोटरीचा घेर जिथे सर्वात जास्त असतो तिथे मोजला, २७ सेंटीमीटर. ३१ च्या खाली म्हणजे स्नायू झिजलेत. पायावर सूज असेल तर मात्र वजन आणि पोटरी दोन्ही फसवतात, म्हणून नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का ते आधी बघा. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन कमी आलं म्हणून कुपोषण ठरवू नका. जंतुसंसर्गातही ते खाली येतं.

म्हाताऱ्या माणसांसाठी सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी आहे, एमएनए. जेवण कमी झालंय का, तीन महिन्यांत वजन किती उतरलं, हिंडणं-फिरणं कितपत, मोठं आजारपण किंवा धक्का, स्मृती आणि मनाची अवस्था, आणि बीएमआय. चौदापैकी गुण मिळतात. सात किंवा त्याखाली म्हणजे कुपोषण. आजींना दोन मिळाले.

न जेवण्याचं कारण

कागद इथे थांबतो आणि खरं काम सुरू होतं. खाटेशेजारी बसून एक जेवण नुसतं बघा. आजींचं ताट टेबलावर होतं, हात पोचत नव्हता. भाकरी कडक होती. कवळी कुठे आहे विचारलं तर म्हणाल्या, "दात तं घरच राही ग्यात." रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीही टाळत होत्या. भूक नही या दोन शब्दांमागे एवढं सगळं होतं.

टेकून बसवून चमच्याने पाणी पाजून पाहिलं. ठसका लागला किंवा गिळल्यावर आवाज ओलसर झाला तर तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना सांगायचं, नाहीतर अन्न फुफ्फुसात उतरतं. आजींना ठसका लागला नाही.

पहिले दिवस: हात आखडताच

उपाशी शरीर चरबी जाळून तग धरतं. एकदम साखर, शिरा, रस मिळाला की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते इतकं कमी पडू शकतं की हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात. बीएमआय १६ च्या खाली, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन गेलेलं, किंवा दहा दिवसांहून जास्त जवळपास उपास, यातलं एकही असलं तरी धोका मोठा धरायचा. आजींच्यात पहिली दोन होती.

म्हणून पहिल्या दिवशी किलोमागे १० कॅलरी, म्हणजे ३४०. दोनदा अर्धी-अर्धी वाटी दूध, एक छोटी वाटी मऊ मुगाची खिचडी, अर्धं केळं. बस. अन्नाआधी थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यायचं आणि पहिले दहा दिवस चालू ठेवायचं. सलाईनमधून ग्लुकोज सुरू होणार असेल तरी आधी हेच. मात्रा डॉक्टर ठरवतात. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासायचं.

दुसऱ्या संध्याकाळी गावाकडून पाहुणे आले. मायेने वाटीभर शिरा आणि उसाचा रस दिला. तिसऱ्या सकाळी घोट्यावर सूज, नाडी ११८, आजी थोड्या गोंधळलेल्या. फॉस्फेट १.६ आलं, ते २.५ च्या वर हवं. डॉक्टरांनी ते शिरेतून भरलं, आहार दोन दिवस वाढवला नाही. त्या दिवशी काट्यावर आजी किलोभर वाढलेल्या दिसल्या आणि मुलगा खूश झाला. ते पाणी होतं. मग खाटेला चिठ्ठी लावली: विचारल्याशिवाय काही देऊ नये.

वाढवत नेणं

तपासण्या जागेवर आल्या की दर दिवशी थोडं वाढवायचं. आठवडा ते दहा दिवसांत किलोमागे ३० कॅलरी, म्हणजे हजारच्या आसपास, आणि प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ४१ ते ५१. आजी माळकरी, त्यामुळे अंडं नाही. ठरलं ते असं: सकाळी पेलाभर दुधात चमचाभर बारीक शेंगदाण्याचं कूट, दहाला ५० ग्रॅम पनीर कुस्करून, दुपारी डाळ जास्त घातलेली मुगाची खिचडी आणि चमचाभर तूप, चारला दही-केळं, रात्री दादर ज्वारीची अर्धी भाकरी घट्ट वरणात भिजवून, झोपताना वाटीभर दूध. प्रथिनं सुमारे ४५ ग्रॅम झाली. चव लागत नाही म्हणाल्या तेव्हा वरणाला लसणाची फोडणी दिली. ती लागली बरोबर. बिनमिठाचं, बिनफोडणीचं आजारी जेवण म्हातारी माणसं बाजूला सारतात. ज्याला खरंच पथ्य नाही त्याच्यावर ते लादू नये.

मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर प्रथिनं आणि केळं दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. मधुमेह असेल तर केळ्याचं आणि खिचडीचं माप वेगळं.

ताटात किती वाढलं ते नाही, किती संपलं ते लिहायचं: पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. तीन दिवस सलग अर्ध्याच्या खाली राहिलं तर आधी मधल्या वेळी प्रथिनयुक्त पावडरचं दूध, तेही जमलं नाही तर नाकातल्या नळीबद्दल डॉक्टरांशी बोलायचं.

सहाव्या दिवशी गावाहून कवळी आली. पण हिरड्या झिजल्यामुळे ती हलत होती, म्हणून भाकरी वरणातच राहिली. बाराव्या दिवशी सूज नव्हती आणि काट्यावर ३४.७ किलो. सुनेला शिलाईच्या टेपने पोटरी कुठे मोजायची ते दाखवलं आणि महिन्याने त्याच पायाचं माप घेऊन ओपीडीत यायला सांगितलं.