भरती-ओहोटी मुलांना सांगताना या चुका टाळा

मालवणच्या बाजूच्या एका शाळेत सहावीच्या मुलांना मी भरती-ओहोटी सांगत होतो. सगळे सांगतात तसंच सांगितलं : चंद्र समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढतो, म्हणून भरती येते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मगे आमच्या बावीत भरती कित्याक येणा नाय? चंद्र तर बावीवरय असता."

उत्तर माझ्याकडे नव्हतं. विहिरीत पाणी कमी असतं म्हणून, असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. त्या मुलाचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. त्यानंतर हा विषय मुलांसमोर अनेकदा तोंडी सांगितला. तो नेमका कुठे अडतो ते आता कळलंय, म्हणून लिहितोय.

पहिली चूक : "चंद्र पाणी वर उचलतो"

चंद्र पाणी वर उचलत नाही, त्याच्यात तेवढी ताकद नाही. चंद्राची इथली ओढ पृथ्वीच्या स्वतःच्या ओढीचा साधारण तीन लाखावा भाग आहे. त्यातही भरतीच्या कामी सगळी ओढ येत नाही. पृथ्वीच्या एका बाजूला ती थोडी जास्त आणि दुसऱ्या बाजूला थोडी कमी असते. या दोन्हींतला फरक तेवढा कामी येतो. म्हणून मुलांसमोर "ओढ" हा शब्द एकटा वापरायचा नाही. "ओढीतला फरक" असं म्हणायचं, आणि पहिल्या वाक्यापासून म्हणायचं.

हा फरक पाणी सरळ वर खेचत नाही, आडवं सरकवतो. चंद्र डोक्यावर नसून तिरका असतो, तिथे समुद्राची पातळी अगदी किंचित कलते. किती? जास्तीत जास्त कल हजार किलोमीटरला जेमतेम 8 सेंटीमीटर. हे आकडे मुलांना सांगू नका, परात दाखवा. एका मोठ्या परातीत आणि एका वाटीत काठोकाठ पाणी घ्या. दोन्ही एकाच पाटावर ठेवा आणि पाटाच्या एका टोकाखाली वहीचा पुठ्ठा सरकवा. कल दोघांना सारखाच मिळतो, पण परातीच्या काठावरून पाणी सांडतं आणि वाटीत काही झालेलं दिसतही नाही. समुद्र ही परात आणि विहीर ही वाटी. तीन मीटर रुंदीच्या विहिरीत चंद्रामुळे होणारा चढउतार केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो.

इथे एक अडचण हमखास येते. किनाऱ्याला लागून घर असलेलं एखादं मूल म्हणतं, "पण आमच्या बावीत पाणी चढतंच." ते खोटं बोलत नसतं. पुळणीलगतच्या विहिरींत भरतीच्या वेळी पाणी थोडं वर येतं, कारण समुद्र चढला की वाळूतलं भूजलही दाबलं जाऊन वर सरकतं. हे काम समुद्राचं आहे, चंद्राचं नाही. त्या मुलाला गप्प बसवू नका. भरतीच्या किती वेळानंतर विहीर चढते ते त्यालाच पाहायला सांगा. चंद्र थेट विहिरीवर काम करत असता तर हा उशीर झाला नसता.

दुसरी चूक : पलीकडची भरती

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. चंद्राच्या बाजूला भरती येते हे मुलांना पटतं. पण त्याच वेळी पृथ्वीच्या उलट बाजूलाही भरती का? आपल्याकडे सरसकट सांगितलं जाणारं उत्तर असं : पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे केंद्रोत्सारी बल निर्माण होतं आणि ते पाणी बाहेर फेकतं. मीही वर्षानुवर्षं हेच सांगितलं. पण स्वतःभोवती फिरण्याने पाणी फुगायचं असेल, तर ते विषुववृत्तावर सगळीकडे सारखंच फुगेल. चंद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूलाच वेगळा फुगवटा कशाला येईल? एकदा आठवीतल्या एका मुलीने हे विचारलं आणि मला माझं उत्तर सोडून द्यावं लागलं.

आता मी हा भाग पुळणीवर करतो, कारण वर्गात जागा पुरत नाही. एका मुलाला चंद्र करून वीस पावलं दूर उभं करायचं. त्याच्या रोखाने वाळूत एक रेघ ओढायची आणि तिच्यावर तीन मुलं एकामागे एक उभी करायची, दोघांमध्ये दोन दोन पावलांचं अंतर. मधला मुलगा पृथ्वी, पुढचा चंद्राकडचं पाणी आणि मागचा पलीकडचं पाणी. टाळी वाजली की तिघांनीही चंद्राकडे चालायचं. पण चंद्र ज्याला जवळ, त्याला ओढ जास्त. म्हणून पुढच्याने चार पावलं, पृथ्वीने तीन आणि मागच्याने दोनच टाकायची.

झाल्यावर अंतरं मोजून घ्यायची. पुढचा मुलगा पृथ्वीपासून तीन पावलांवर गेलेला असतो आणि मागचाही तीनच पावलांवर. पृथ्वी झालेला मुलगा आपणहूनच ओरडतो, "दोघंय माझ्यापासून लांब गेले!" मग मागच्याला विचारायचं, "तुला कोणी मागे ढकललं?" तो सांगतो, नाही, मीसुद्धा पुढेच आलो. हे उत्तर त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. पलीकडचं पाणी कोणी बाहेर फेकत नाही, पृथ्वीच त्याच्यापेक्षा जास्त पुढे ओढली जाते आणि ते मागे उरतं.

हा खेळ फसतो तो बहुतेक वेळा पृथ्वी जागेवरच उभी राहिली म्हणून. मुलांना वाटतं, एवढी मोठी पृथ्वी कशी हलेल? पृथ्वीने पावलं टाकली नाहीत तर पुढचं पाणी लांब जातं, मागचं जवळ येतं आणि एकच भरती हाती लागते. तसं झालं की खेळ थांबवून चंद्र पृथ्वीलाही ओढतो हे आधी सांगावं लागतं. त्यावर लगेच प्रश्न येतो की मग पृथ्वी चंद्रावर आदळत का नाही. याचं उत्तर थोडक्यात द्यायचं. दोघं एकमेकांकडे पडत असतात, पण त्याच वेळी आडवे पुढे सरकत राहतात, म्हणून आदळण्याऐवजी फिरत राहतात.

पावलांचा हिशेब वाढवून घेतलाय, हेही मुलांना सांगावं. खऱ्या अंतराने पाहिलं तर जवळच्या बाजूला ओढ मधल्यापेक्षा शंभराला सुमारे तीननेच जास्त असते आणि पलीकडे जवळपास तेवढीच कमी.

हाच खेळ सूर्याचा प्रश्नही सोडवतो. सूर्याची पृथ्वीवरची ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पट आहे, मग भरतीचा मालक चंद्र कसा? सूर्य 15 कोटी किलोमीटरवर आहे. तेवढ्या अंतरावरून पृथ्वीची ही बाजू आणि ती बाजू जवळजवळ सारखीच लांब. तिन्ही मुलांना जवळपास सारखीच पावलं मिळतात, फरक उरत नाही. म्हणून भरतीतला सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी पडतो. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे वाटे एका रेषेत येतात तेव्हा उधाण, अष्टमीला काटकोनात येतात तेव्हा भांग, म्हणजे लहान भरती. उधाण फक्त पौर्णिमेलाच असतं असं मुलांच्या डोक्यात असतं, ते दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं.

तिसरी चूक : "भरती दर बारा तासांनी"

किनाऱ्यावरचं मूल हे ऐकून घेतं, पण त्याच्या अनुभवाशी ते जुळत नाही. काल दुपारी तीनला पाणी भरलं असेल तर आज तीनला भरत नाही, पावणेचारच्या पुढे भरतं, हे त्याने पाहिलेलं असतं. खरं अंतर सरासरी 12 तास 25 मिनिटं आहे. कारण देवळाच्या प्रदक्षिणेने सांगता येतं. एक मूल भराभर प्रदक्षिणा घालतंय आणि दुसरं त्याच दिशेने अगदी सावकाश चालतंय. पहिलं फेरी पुरी करून मूळ जागी येतं तोवर दुसरं थोडं पुढे सरकलेलं असतं, त्याला गाठायला आणखी काही पावलं लागतात. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र पुढे सरकतो आणि त्याला गाठायला रोज साधारण 50 मिनिटं जास्त लागतात.

आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, तो हिशेब मुलांकडून जरूर करून घ्यावा. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. त्यापुढे सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने सुकती. पण हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि दुसऱ्याच दिवशी प्रतिपदेला पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी! हुशार मुलं हे पकडतात. पाऊणपटीत रोजचे 45 मिनिटं धरले आहेत. खरी सरासरी त्याहून थोडी जास्त, आणि पंधरा दिवसांत राहिलेली ती तूट इथे एकदम भरून निघते. शिवाय रोजचा उशीर सारखा नसतो. उधाणाच्या दिवसांत तो 50 मिनिटांहून कमी असतो, भांगाच्या दिवसांत तासाच्याही वर जातो.

चौथी चूक : "चंद्र डोक्यावर आला की भरती"

कोकणात ही चूक पकडणं अवघड आहे, कारण इथे ती जवळपास खरी ठरते. पौर्णिमेच्या रात्री चंद्र बाराच्या आसपास माथ्यावर असतो आणि भरतीही अकरा-बाराच्या दरम्यान लागते. पण हा योगायोग आहे. दुसऱ्या किनाऱ्यांवर चंद्र माथ्यावर असताना ओहोटीही असू शकते. फळ्यावर आपण पाण्याने वेढलेला गोल काढतो, खऱ्या पृथ्वीवर मधे खंडं आहेत. त्यामुळे भरती एखाद्या लांबच लांब लाटेसारखी समुद्रातून फिरत किनाऱ्याला येते. खुल्या समुद्रात चंद्राचा वाटा सुमारे अर्धा मीटरच. किनाऱ्याजवळच्या उथळ तळावर ही लाट येते तेव्हा ती उंचावते. मुंबईसमोर हा उथळ पट्टा मालवणपेक्षा रुंद आहे, म्हणून मुंबईची भरती मालवणपेक्षा मोठी. त्याच्याही वर खंभातच्या आखातात, जिथे किनारे जवळ येत पाण्याला चिंचोळं करतात, तिथे चढउतार 10 मीटरच्या आसपास जातो. चंद्र मात्र तिन्ही ठिकाणी तोच.

खाडीकडच्या मुलांना हे समजावणं सोपं जातं. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी आहे. खाडीने आत जाणाऱ्या भरतीला वेळ लागतो. म्हणून खाडीच्या आतल्या गावातलं एक मूल आणि समुद्रकाठचं एक मूल निवडायचं. दोघांनी एकाच दिवशी पाणी चढायचं थांबलेली वेळ टिपायची. खाडीत एक खुंट रोवून त्यावर खडूने रेघा मारल्या तरी पुरतं. एका वर्षी माझ्या मुलांनी चार दिवस हे केलं. दिवसाची आणि रात्रीची भरती सारख्या रेघेपर्यंत येत नाही, हेही त्यांनीच शोधून काढलं. मग त्यांना सांगता आलं की चंद्र नेहमी विषुववृत्तावर नसतो, कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला असतो, त्यामुळे दोन फुगवटेही तिरके होतात आणि आपल्याला एक भरती मोठी, एक लहान लागते. त्या खुंटावरच्या रेघा पहिल्या पावसात धुऊन गेल्या, वहीतल्या आकड्यांवर अजून मी दरवर्षी नव्या मुलांकडून पाऊणपट करून घेतो.