प्रश्नशब्द हलला की जागीच राहिला, हे कसं तपासायचं

भाषाविज्ञानात नव्याने आलेल्यांना एक विधान लवकर ऐकायला मिळतं: इंग्रजी प्रश्नशब्द वाक्याच्या सुरुवातीला नेते, मराठी तो जागीच ठेवते. विधान बरोबर आहे, पण ते स्वतःच्या उदाहरणांवर तपासायला गेलं की पहिल्याच दिवशी गोंधळ होतो. बहुतेकदा चूक उदाहरणाच्या निवडीत असते.

सुरुवात उत्तरापासून करावी. 'मीनाने काल कादंबरी वाचली' हे वाक्य घ्या आणि 'कादंबरी' काढून तिथे प्रश्नशब्द ठेवा: 'मीनाने काल काय वाचलं?' शब्दांचा क्रम तसाच राहिला. बदललं ते क्रियापद. 'काय' नपुंसकलिंगी असल्यामुळे 'वाचली'चं 'वाचलं' झालं. इंग्रजीत मात्र 'व्हॉट डिड मीना रीड यस्टर्डे?' असं होतं. 'व्हॉट' पुढे गेला, 'डिड' आला आणि 'रीड'नंतरची कर्माची जागा रिकामी राहिली. 'मीना रेड व्हॉट?' असंही इंग्रजीत ऐकू येतं, पण ते ऐकलेल्यावर विश्वास न बसल्यामुळे पुन्हा विचारणं आहे. ते पुरावा म्हणून धरू नये.

कर्ता विचारणारी वाक्यंही या चाचणीसाठी निरुपयोगी असतात. 'कोण आलं?' आणि 'हू केम?' या दोन्हींत प्रश्नशब्द पहिलाच आहे, कारण कर्ता एरवीही तिथेच असतो. म्हणून कर्म, स्थळ किंवा काळ विचारावा.

मराठीत शब्दक्रम बराच मोकळा आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवं. 'पुस्तक कोणी घेतलं?' असा प्रश्न सहज येतो आणि त्यात प्रश्नशब्द क्रियापदाला खेटून बसतो. 'कोणी पुस्तक घेतलं?' म्हटलं तर 'कोणी'चा अर्थ 'कुणीतरी' असाही लागू शकतो. मग ऐकणारा 'हो' किंवा 'नाही' म्हणतो आणि नोंद बिघडते. 'का'च्या बाबतीत तर जागेवरच अर्थ ठरतो: 'तू का गेलास?' यात कारण विचारलं आहे, 'तू गेलास का?' यात फक्त होकार-नकार. तेव्हा 'जागीच' याचा अर्थ 'एका ठरलेल्या ठिकाणी खिळलेला' असा घेऊ नये. प्रश्न तयार करण्यासाठी शब्द पुढे न्यावाच लागत नाही, इतकाच तो अर्थ आहे.

खरी परीक्षा दोन वाक्यं एकमेकांत गुंतली की होते. ही जोडी पाहा:

रवीला मीनाने काय वाचलं ते माहीत आहे.

रवीला मीनाने काय वाचलं असं वाटतं?

'मीनाने काय वाचलं' हा आतला तुकडा दोन्हीकडे अक्षरशः तोच आहे. तरी पहिलं विधान आहे. त्यावर कुणी 'कादंबरी' असं उत्तर देणार नाही. दुसऱ्याला मात्र 'कादंबरी' हेच उत्तर लागतं. पहिल्यात प्रश्नाचा आवाका आतल्या वाक्यापुरता राहतो, दुसऱ्यात तो बाहेरच्या वाक्यापर्यंत पोचतो. इंग्रजीत हा फरक डोळ्यांना दिसतो: 'रवी नोज व्हॉट मीना रेड' यात 'व्हॉट' मध्ये थांबतो, तर 'व्हॉट डझ रवी थिंक मीना रेड?' यात थेट सुरुवातीला जातो. चिनी भाषेतही प्रश्नशब्द जागीच राहतो. तिथल्या अशाच वाक्यांवरून भाषावैज्ञानिक सी.-टी. जेम्स हुआंग यांनी 1982च्या आपल्या प्रबंधात मांडलं की शब्द कानाला जागीच ऐकू आला, तरी अर्थाच्या पातळीवर तो बाहेर जातोच. या मांडणीवर पुढे वाद झाले, पण असा आवाका कशाने ठरतो हे प्रत्येक सिद्धांताला सांगावंच लागतं.

म्हणून मराठी बोलणाऱ्याला 'हे वाक्य बरोबर वाटतं का?' एवढंच विचारून भागत नाही. 'याला उत्तर काय द्याल?' हेही विचारा आणि ते उत्तर वाक्याशेजारी लिहा.

इथे 'असं' आणि 'की' यांची अदलाबदल करू नका. 'असं' असलेलं आतलं वाक्य 'वाटतं'च्या आधी येतं, 'की'चं वाक्य नंतर. 'रवीला वाटतं की मीनाने काय वाचलं?' हे वाक्य कानाला खटकतं. क्रियापदानंतर आलेल्या वाक्यातून प्रश्न बाहेर पोचत नाही. ते सावरण्याचा मराठी मार्ग सुंदर आहे: 'रवीला काय वाटतं, मीनाने काय वाचलं?' दोन 'काय' आहेत, पण उत्तर एकच: 'कादंबरी'. पहिला 'काय' वेगळं काही विचारत नाही, प्रश्न बाहेरच्या वाक्यापर्यंत आहे एवढंच दाखवतो. जर्मनमध्ये 'काय' या अर्थाचा 'वास' हा शब्द हेच काम करतो. पहिल्या 'काय'नंतर बोलणारा लांब थांबला, तर मात्र ते दोन सुटे प्रश्न होतात. म्हणून अशी वाक्यं लिहून दाखवण्यापेक्षा बोलून घ्यावीत.