वाल्मीकी रामायणाच्या अनुवादात श्लोकांचे आकडे कसे सांभाळावेत

अरण्यकांडात मारीच रावणाला सुनावतो: ‘सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः’, म्हणजे गोड बोलणारी माणसं हवी तेवढी मिळतात. माझ्या अनुवादात या श्लोकाखाली मी ३.३७.२ असा आकडा टाकला होता, म्हणजे तिसरं कांड, सदतिसावा सर्ग, दुसरा श्लोक. दांडिया बाजारात आमचं छोटं वाचनमंडळ आहे, तिथले एक निवृत्त शिक्षक पुस्तक उघडून म्हणाले, “ताई, इथे तर मारीच दोन राक्षसांबरोबर दंडकारण्यात शिरल्याचं सांगतोय. तुमचा श्लोक कुठाय?” त्यांच्या हातात बडोद्याची चिकित्सक आवृत्ती होती आणि मी आकडा घेतला होता प्रचलित प्रतीतून. बडोदा प्रतीत हा श्लोक ३.३५.२ आहे. या चुकीची गंमत अशी की दोन्ही ठिकाणी बोलणारा मारीचच. त्यामुळे चुकीच्या पानावर गेलेल्या वाचकाला आपण चुकलोय हे लवकर कळत नाही.

रामायणाचा अनुवाद करणाऱ्या किंवा त्यावर लिहिणाऱ्या माणसानं आकडे कसे सांभाळावेत, ते इथे क्रमानं सांगते.

आधी एक प्रत पक्की करा

मराठी वाचकाच्या घरात बहुधा प्रचलित पाठ असतो, गोरखपूरच्या प्रतीसारखा. आमच्या वडोदऱ्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटनं अनेक हस्तलिखितं ताडून १९६० ते १९७५ या काळात सात कांडांची चिकित्सक आवृत्ती काढली. प्रचलित पाठात बालकांडाचे ७७ सर्ग आहेत, बडोदा प्रतीत ७६. अयोध्याकांड ११९ आणि १११, अरण्यकांड ७५ आणि ७१, उत्तरकांड १११ आणि १००. संपादकांनी हस्तलिखितांचा पुरेसा आधार नसलेले श्लोक, क्वचित सबंध सर्ग, मूळ पाठातून बाजूला काढले, म्हणून हा फरक पडला.

यातली कुठलीही एक निवडा. मी बडोदा प्रत घेते, कारण पाठभेद त्याच पानावर खाली मिळतात. पण पारायण करणाऱ्यांसाठी लिहायचं असेल तर प्रचलित पाठच सोयीचा. दोन्हींतलं जे सुंदर वाटेल ते उचलायचं, हा मोह मात्र टाळा. मग कुठलाच आकडा कुठल्याच पुस्तकाशी जुळत नाही. निवडलेली प्रत प्रस्तावनेत प्रकाशक आणि वर्षासकट लिहा. ‘प्रचलित पाठ’ एवढंच लिहून भागत नाही, कारण प्रचलित छापील प्रतींतही युद्धकांडाचे सर्ग सारखे नाहीत.

आकड्याला प्रतीकाची जोड द्या

श्लोकाचे पहिले दोन-तीन शब्द म्हणजे त्याचं प्रतीक. आकडा बदलला तरी प्रतीक सहसा टिकतं, म्हणून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीला दोन्ही असतात:

```
बडोदा    प्रचलित   प्रतीक
१.२.१४   १.२.१५    मा निषाद
३.३५.२   ३.३७.२    सुलभाः पुरुषा राजन्
```

पहिल्या ओळीत सर्ग तोच आहे, फक्त श्लोक एकानं सरकलाय. दुसऱ्या ओळीत श्लोक तोच, सर्ग दोनांनी सरकलाय. यावरून ‘अरण्यकांडात सरसकट दोन वजा करायचे’ असा नियम करायला हात शिवशिवतात. करू नका. कांड संपेपर्यंत फरक चारांवर गेलेला असतो. अयोध्याकांडात राम भरताला ‘कच्चित्’, ‘कच्चित्’ करत राज्यकारभार विचारतो, तो सर्ग प्रचलित पाठात १००वा आणि बडोदा प्रतीत ९४वा. म्हणजे तिथे सहाचा फरक, आणि कांडाच्या शेवटी आठाचा. एखादा सर्ग किंवा श्लोक गळला की पुढचं सगळं सरकतं, म्हणून प्रत्येक नोंद पुस्तक उघडूनच करावी लागते.

एकाच सर्गात श्लोक मागेपुढे होतात त्याला आणखी एक कारण आहे. हस्तलिखितात मजकूर सलग असतो. दोन ओळींचा श्लोक मोजायचा की कुठे तीन ओळींचा, हे संपादक ठरवतो. एका ठिकाणी तीन ओळींचा श्लोक धरला की पुढचे आकडे आणि श्लोकांच्या जोड्याही बदलतात. म्हणून श्लोकाचा तुकडाच उद्धृत करायचा असेल तर चरणाचं अक्षरही द्या: ३.३५.२ अब म्हणजे पहिली ओळ, कड म्हणजे दुसरी.

प्रतीकाचीही एक मर्यादा आहे. ‘सुलभाः पुरुषा राजन्’ युद्धकांडातही येतं, प्रचलित पाठाच्या सोळाव्या सर्गात, आणि तिथे ते विभीषणाच्या तोंडी आहे. नुसतं प्रतीक शोधून पहिला सापडलेला आकडा टाकला तर मारीचाचं बोलणं विभीषणाच्या खात्यात जातं. म्हणून तक्त्यात ‘वक्ता’ हा आणखी एक रकाना ठेवा.

तक्ता संगणकावर करत असाल तर कांड, सर्ग आणि श्लोक वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एकाच रकान्यात `1-2-14` लिहिलंत की स्प्रेडशीट त्याची १ फेब्रुवारी २०१४ करून टाकतं. माझ्या बालकांडाच्या अर्ध्या पानाचं असं कॅलेंडर झालं होतं.

दुसऱ्याचा आकडा घेताना

जुन्या लेखात नुसता आकडा असतो, प्रतीचं नाव नसतं. तो तसाच उतरवू नका. आधी प्रतीक शोधा, आपल्या प्रतीतला आकडा लिहा आणि कंसात मूळ लेखातला ठेवा: ३.३५.२ (प्र. ३.३७.२). तिलक किंवा भूषण या रामायणावरच्या संस्कृत टीकांतलं वाक्य देताना हा दुहेरी आकडा हवाच, कारण टीका प्रचलित पाठाच्या क्रमानं छापलेल्या असतात आणि बडोदा प्रतीच्या आकड्यानं त्या उघडणारा भलत्याच ठिकाणी पोचतो.

गद्य अनुवादात दोन-तीन श्लोक एका वाक्यात मिसळले तर आकडा परिच्छेदाच्या शेवटी, ३.३५.१–३ असा द्या. मधल्या श्लोकाचा आकडा गाळून शेवटचाच देणं ही फार पसरलेली सवय आहे, आणि मुळाशी ताडून वाचणाऱ्याला ती छळते.

आपल्या प्रतीत श्लोकच नसेल तेव्हा

युद्धाच्या ऐन वेळी अगस्त्य रामाला आदित्यहृदय सांगतात. गोरखपूरच्या प्रतीत तो युद्धकांडाचा १०५वा सर्ग आहे. बडोदा प्रतीच्या मूळ पाठात तो नाही. या प्रतीत वगळलेल्या थोड्या ओळी तारांकित क्रमांकानं पानाखाली येतात, आणि मोठे भाग परिशिष्टात. तुम्ही बडोदा प्रत धरली असेल तर आदित्यहृदयाला सर्गाचा आकडा देऊ नका. ‘परिशिष्ट’ म्हणून त्याचा तिथला क्रमांक द्या आणि अनुवादही वेगळ्या टायपात किंवा कांडाच्या शेवटी छापा. मूळ ओघात घालून त्याला १०४अ वगैरे नंबर दिलात, तर तो आकडा जगातल्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही.

‘जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी’ हे त्याहून अवघड प्रकरण आहे. सगळे ते रामायणातलं म्हणून सांगतात, पण बडोदा प्रतीच्या मूळ पाठात ते नाही आणि बहुतेक प्रचलित प्रतींतही नाही. मंडळात यावर बराच वाद झाला. शेवटी मी आकडा दिलाच नाही, फक्त ‘परंपरेनं रामाच्या तोंडी’ असं लिहिलं. शिक्षकांना ते अजून पटलेलं नाही.